कार्यकर्त्याच्या पिशवीतली तीन प्रकारची पुस्तकं

कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात एखादा मुलगा किंवा मुलगी वस्तीत शिकवायला जाऊ लागली, की घरातलं कुणीतरी हमखास एक पुस्तक हातात ठेवतं. बहुतेक वेळा ते एखाद्या मोठ्या समाजसेवकाचं आत्मकथन असतं. मराठीत अशा पुस्तकांची परंपरा समृद्ध आहे आणि तिने कित्येक माणसं घडवली आहेत. तरीही चार मित्र मिळून छोटी संस्था चालवू पाहतात, तेव्हा त्यांना एवढं वाचन पुरत नाही. त्यांच्या पिशवीत आणखी दोन प्रकारची पुस्तकं हवीत: एक गरिबी नेमकी कशी पाहायची ते सांगणारं आणि दुसरं कायद्याचं व हिशेबाचं. पहिल्या प्रकारची पुस्तकंसुद्धा आपण सहसा वाचतो त्याहून वेगळ्या नजरेने वाचली पाहिजेत.

अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ घ्या. व्यसनमुक्तीची ही कहाणी वाचताना डोळे भरून येतात. एकदा तसं वाचून झालं की पुस्तक पुन्हा उघडावं आणि या वेळी हातात पेन्सिल घेऊन फक्त तीन प्रश्नांची उत्तरं शोधावीत. जागा कुणाची होती? पैसा कुठून आला? पहिल्या पिढीनंतर काम कुणी चालवलं? मुक्तांगण १९८६ साली पुण्यात सुरू झालं ते येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता अवचट तिथेच डॉक्टर होत्या, त्यामुळे नवी इमारत बांधण्याची वाट पाहावी लागली नाही. गर्दच्या व्यसनावरचे अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी लाख रुपयांची देणगी देऊ केली. पुढे १९९७ मध्ये डॉ. अनिता गेल्या, तरी काम थांबलं नाही. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेलं. मोठ्या वाटणाऱ्या संस्थेची सुरुवात हाताशी असलेल्या जागेत आणि रोजच्या कामातून मिळालेल्या जाणकारीवर झाली, हे दुसऱ्या वाचनात दिसतं. नवी मुलं मात्र नेमकी उलटी चढण धरतात. आधी नाव, बोधचिन्ह, नोंदणी आणि मग काम.

डॉ. अभय बंग यांचं ‘सेवाग्राम ते शोधग्राम’ वाचतानाही हीच सवय उपयोगी पडते. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. दवाखाना कसा असावा हे त्यांनी तिथल्या लोकांनाच विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं उत्तर आलं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आमच्याकडे पांढरं प्रेताला गुंडाळतात. रोग्यासोबत आलेल्या नातलगांना राहायला जागा नसते. आणि दवाखान्यात देव नसतो. म्हणून शोधग्रामचा दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा झाला, नातलगांची सोय झाली आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. विचारणं हा या संस्थेच्या कामाचा पाया होता. मोजणं हा दुसरा पाया.

नवजात बाळांच्या मृत्यूंवरचा त्यांचा प्रयोग नव्या कार्यकर्त्याने बारकाईने समजून घ्यावा. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत बाळांचे जन्म आणि मृत्यू नोंदवायला सुरुवात केली आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांतही नोंदी ठेवल्या. पहिली दोन वर्षं मुख्यतः मोजण्यात गेली. नंतर गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन घेणं, ते उबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देणं. हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षापर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला. तुलनेची गावं नसती, तर ‘तसंही मृत्यू कमी होतच होते’ असं कुणीही म्हणू शकलं असतं. अभ्यासिका चालवणाऱ्या गटाला एवढा मोठा अभ्यास जमणार नाही. पण जूनमध्ये मुलांना एक साधा उतारा वाचायला देऊन कोण कुठे अडखळतं ते वहीत टिपणं आणि मार्चमध्ये तितकाच अवघड दुसरा उतारा देऊन पुन्हा टिपणं नक्की जमेल. पहिली नोंद नसेल, तर शेवटची नोंद कितीही चांगली असली तरी ती काहीच सांगत नाही.

दुसऱ्या प्रकारातलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक इंग्रजीत आहे: रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाचं ‘रूरल डेव्हलपमेंट: पुटिंग द लास्ट फर्स्ट’. १९८३ चं असलं तरी ते जुनं झालेलं नाही. गावं पाहायला जाणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना गरिबी का दिसत नाही, याची कारणं चेंबर्सने एकेक करून मांडली आहेत. माणसं डांबरी रस्त्यालगतची घरं पाहतात. आत, ओढ्यापलीकडे राहणारे राहून जातात. जिथे आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच पुन्हा जातात. सरपंच, शिक्षक, पुढारी अशा बोलक्या पुरुषांशी बोलून परततात. आणि जातात ते पावसाळा टाळून. धान्य संपलेलं असतं, आजार वाढलेले असतात, रस्ते बंद असतात, तेव्हा पाहुणा तिथे नसतो. मेळघाटात कुपोषित बालकांचा प्रश्न पावसाळ्यातच सर्वाधिक तीव्र होतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

शहरातल्या वस्तीलाही हे जसंच्या तसं लागू पडतं. आपण रविवारी दुपारी जातो, पुढच्या गल्लीत बसतो, ओळखीच्या भाऊंमार्फत मुलं गोळा करतो. मागच्या गल्लीतले भाडेकरू, दर काही महिन्यांनी खोली बदलणारी बिगारी कामगारांची कुटुंबं, धाकट्या भावंडाला सांभाळत घरी थांबलेली मुलगी आपल्या हजेरीपटावर येतच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. हजेरीपटावरच्या मुलांची घरं वस्तीच्या हाताने काढलेल्या नकाशावर ठिपक्यांनी दाखवावीत. सगळे ठिपके एकाच बाजूला गर्दी करून बसले, तर चूक मुलांच्या अनास्थेत नाही, आपल्या वाटेत आहे. याच वाचनाला पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ जोडावं. चांगल्या हेतूने आलेल्या योजना जमिनीवर पोचेपर्यंत कशा वाकड्या होतात, ते त्यात माणसांच्या गोष्टींतून कळतं.

आता तिसरा प्रकार. कायद्याचं पुस्तक कुणी भेट म्हणून देत नाही, पण उत्साही गटांना अडकवतात त्या बाबी बहुतेक याच विषयातल्या असतात. महाराष्ट्रात धर्मादाय काम करणारी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली, की तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. पहिलीसाठी किमान सात सभासद लागतात. नोंदणी हे सोपं पाऊल. खरं ओझं त्यानंतरचं. हिशेबाची तपासणी दरवर्षी होते. विश्वस्त बदलला, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. इथेच तरुणांच्या संस्था घसरतात. सातांपैकी दोघं नोकरीसाठी बाहेरगावी जातात, एकीचं लग्न होतं, सभेत नवी नावं ठरतात आणि इतिवृत्ताची वही तशीच कपाटात राहते. तीन वर्षांनी बँकेत सही बदलायची वेळ येते, तेव्हा कागदावर अजूनही जुनेच विश्वस्त असतात. म्हणून माझं मत असं, की पहिली दोन वर्षं जवळच्या एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली, तिच्या हिशेबात स्वतंत्र खातं ठेवून काम करावं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्पदेखील १९७३ मध्ये बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीचा भाग म्हणूनच सुरू झाला.

कायद्याचं पुस्तक विकत घेताना छापल्याचं साल आधी पाहावं. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ हे शब्द लोकांच्या तोंडी अजून राहतील, पण जुन्या मार्गदर्शिकेतले आकडे अर्जात तसेच उतरवले तर फजिती होईल. हिशेबाच्या मूळ पद्धतीबद्दल मात्र जुनं पुस्तकही चालतं, कारण बेरीज-वजाबाकी बदलत नाही.

त्या पद्धतीतली एक गोष्ट उदाहरणाने पाहू. समजा, एका अभ्यासिकेला वर्षात दीड लाख मिळाले. त्यातले ६०,००० एका दुकानदाराने फक्त ग्रंथालयासाठी दिले, बाकीचे ९०,००० सर्वसाधारण देणग्यांचे. आठ महिन्यांत खोलीचं भाडं ४८,००० झालं, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन ५६,००० आणि पुस्तकांवर १२,००० गेले. एकूण खर्च १,१६,०००, बँकेत शिल्लक ३४,०००. सगळे म्हणतात, पैसे आहेत, काळजी नाही. पण ग्रंथालयाच्या साठ हजारांतले फक्त बारा हजार पुस्तकांवर गेले आहेत. म्हणजे त्या कामासाठी बँकेत ४८,००० असायला हवेत. आहेत ३४,०००. भाडं आणि मानधन मिळून १,०४,००० होतात आणि सर्वसाधारण देणगी होती ९०,०००. उरलेले चौदा हजार नकळत ग्रंथालयाच्या पैशातून गेले. कुणी एक रुपया खिशात घातला नाही, तरी देणगीदाराचा शब्द मोडला.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. रोजकीर्दीत दोन रकाने ठेवायचे, एक सर्वसाधारण आणि एक ठरावीक कामासाठीच्या देणगीचा, आणि महिनाअखेरीस दोन्ही शिलकांची बेरीज पासबुकाशी ताडून पाहायची. सर्वसाधारण रकान्यात उणे आकडा दिसला, की त्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं आणि भाड्यासाठी वेगळी देणगी मागायची. विश्वस्त कायद्याच्या नियमांत ताळेबंदाचा नमुना अनुसूची आठमध्ये दिला आहे. त्यात कायम निधी वेगळा आणि विशिष्ट कामासाठी राखलेला निधी वेगळा दाखवावा लागतो, तो याचसाठी.

तेव्हा पुढच्या सुट्टीत आत्मकथन वाचून झालं, की तुमच्या गावातल्या, तुमचा विश्वास असलेल्या एखाद्या जुन्या संस्थेत जा. गेल्या वर्षीचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक पाहायला मागा. तिथल्या हिशेबनिसांसोबत तासभर बसून प्रत्येक ओळ कशाची आहे ते विचारून घ्या. नोंदणीचा अर्ज त्यानंतर भरा.