‘ह्यांनी नको म्हटलं…’

समजा, मुलाखतीत एक बाई म्हणाली, "ह्यांनी नको म्हटलं… म्हणजे… आम्हीच नाही गेलो." इंग्रजीत ‘माय हजबंड रिफ्यूज्ड, सो वी डिडन्ट गो’ असं केलं की वाक्य नीटनेटकं होतं. पण नवऱ्याचं नाव टाळणं, अडखळणं आणि दोष स्वतःकडे घेणं, तिन्ही गळतात.

म्हणून आधी मराठी बोलणं जसंच्या तसं उतरवतात. गेल जेफरसन यांच्या चिन्हपद्धतीत थांबण्याचे सेकंद कंसात लिहितात: (१.५). मग अनुवाद होतो: ‘ही सेड नो… आय मीन… वी अवरसेल्व्ज डिडन्ट गो.’ ‘ही’ म्हणजे नवरा, हे चौकटी कंसात. नाव टाळल्याचं तळटीपेत.

प्रत्येक ‘अं’ ठेवला, तर बाई उगाच अडाणी वाटते. त्यामुळे अर्थ बदलणारे थांबेच ठेवावेत आणि मूळ मराठी वाक्य परिशिष्टात छापावं.