विक्रीच्या वहीतून पहिला आलेख

किराणा दुकानाच्या विक्रीच्या वहीत दर रात्री एक ओळ वाढते: तारीख आणि दिवसभराचा गल्ला. आठवीतल्या एका मुलीने वडिलांच्या वहीतल्या अशा 28 ओळींचा आलेख काढला, त्याची ही गोष्ट. गावचा आठवडी बाजार गुरुवारी, दुकानाची सुट्टी सोमवारी. बाजाराच्या दिवशी गर्दी होते हे वडिलांना वहीशिवायही ठाऊक होते. विक्री नेमकी किती वाढते, हे मात्र कोणी मांडून पाहिले नव्हते.

शाळेच्या आलेख कागदावर तिने आडव्या अक्षावर अर्ध्या सेंटिमीटरला एक दिवस धरला आणि उभ्या अक्षावर एक सेंटिमीटरला 1,000 रुपये. मग एकेक बिंदू देऊन ते रेषेने जोडले. विल्यम प्लेफेअरने 1786 साली इंग्लंडचा व्यापार दाखवायला हीच रीत वापरली होती.

सोमवारी आधी तिने शून्य मांडले, तेव्हा रेषा दर आठवड्याला तळाला आपटू लागली. पण शून्य म्हणजे दुकान उघडे असून काही खपले नाही. बंद दुकानाची ती नोंदच नव्हे. म्हणून तिथे रेषा तोडली. उरलेल्या 24 बिंदूंत गुरुवारची शिखरे दिसली, आणि एका मंगळवारी त्यांच्याहूनही उंच सुळका: 12,600 रुपये.

वडिलांनी उधारीची वही उघडली. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने 8,000 रुपयांची जुनी बाकी चुकती केली होती, आणि 500 रुपयांचा माल नव्याने उधारीवर गेला होता. गल्ल्यातून वसुली वजा करून नवी उधारी मिळवली, की खरी विक्री 5,100 रुपये येते. गल्ला आणि विक्री एकच समजण्याची चूक वहीत नजरेआड राहते, आलेखात डोळ्यांत भरते. मग बाकीचे दिवसही तसेच दुरुस्त करावे लागले, आणि हे काम आलेख काढण्यापेक्षा जास्त वेळखाऊ निघाले.

दुरुस्तीनंतर चार गुरुवारांची विक्री 9,200, 8,800, 9,600 आणि 5,200 रुपये ठरली. सरासरी 8,200 येते, पण एकाही गुरुवारी विक्री त्या आकड्याच्या जवळपास नव्हती. शेवटच्या गुरुवारी पावसाने बाजार भरलाच नव्हता. त्यामुळे तिने सरासरीचा एकच स्तंभ न काढता चारही बिंदू ठेवले आणि चौथ्याशेजारी ‘पाऊस’ असे लिहिले.

उभा अक्ष शून्यापासून सुरू केल्याचाही फायदा झाला. तो 4,000 पासून धरला असता, तर 5,000 चा बिंदू 4,200 च्या बिंदूपेक्षा पाचपट उंच दिसला असता.

चार आठवड्यांच्या आलेखावरून सणासुदीच्या विक्रीचा अंदाज करता येत नाही. त्याला वर्षाची वही लागते. नफाही त्यात दिसत नाही, कारण साखरेवर सुटणारे पैसे आणि साबणावर सुटणारे पैसे वेगळे, आणि वहीत दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असतात.