एम्बापे पुढे होता, तरी गोल झाला

ऑफसाइड ठरवताना पास सुटल्याचा क्षण बघायचा. त्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात खेळाडूचं डोकं, धड किंवा पाय चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही (यात गोलकीपर धरून) पुढे असेल आणि तो खेळात सामील झाला, तर ऑफसाइड. हात मोजत नाहीत. बरोबरीत असलं तर चालतं.

२०२१च्या नेशन्स लीग अंतिम सामन्यात फ्रान्सचा एम्बापे असाच पुढे होता. पण स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय घातला, चेंडूला निसटता स्पर्श झाला. बचावपटू चेंडू मुद्दाम खेळला, म्हणून ऑफसाइड उरला नाही, असं पंचांनी धरलं. नुसता अंगावर आपटला असता तर गोल रद्द झाला असता. गार्सियावर हा अन्यायच, असं मला वाटतं. २०२२मध्ये नियमाचा खुलासा आला: चेंडूवर ताबा मिळवणं शक्य असेल, तरच ‘मुद्दाम’.