चित्रपटातील सरावमालिका : कालसंक्षेप आणि वृद्धीचा प्रत्यय

मराठीत ‘तो धावला’ आणि ‘तो धावत असे’ या दोन वाक्यांतील भेद क्रियापदाच्या रूपानेच स्पष्ट होतो. पहिल्या वाक्यात एक घटना एकदा घडली. दुसऱ्यात तीच घटना अनेक दिवस, नित्यनेमाने घडत राहिली. याखेरीज ‘तो बळकट होत गेला’ अशी तिसरी रचनाही भाषेपाशी आहे. तिच्यात पुनरावृत्तीबरोबर क्रमाक्रमाने होणारा बदलही व्यक्त होतो. चित्रपटाला क्रियापदाची अशी रूपे उपलब्ध नाहीत. पडद्यावर धावणारा माणूस त्या क्षणी, त्या रस्त्यावर, एकदाच धावत असतो. एकटा शॉट ‘रोज’ हा शब्द उच्चारू शकत नाही, आणि ‘हळूहळू’ हा शब्द तर त्याला त्याहूनही दुर्घट आहे. असे असूनही मुष्टियुद्ध, कराटे अथवा कुंग फू यांवरील चित्रपटांत काही आठवड्यांचा किंवा वर्षांचा सराव दोनतीन मिनिटांत दाखविला जातो आणि प्रेक्षकाला तो विनासायास कळतो. हे कोणत्या साधनांनी घडते, याचा विचार येथे एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे केला आहे.

‘मोंताज’ ही संज्ञा दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरली जाते, हे आरंभीच ध्यानी घेणे इष्ट होय. आयझेनस्टाइनप्रभृती सोव्हिएत दिग्दर्शकांच्या लेखनात दोन शॉटांच्या संघर्षातून तिसरा अर्थ निर्माण करण्याच्या तत्त्वाला हे नाव आहे. हॉलीवूडच्या व्यवहारात मात्र कथेतील दीर्घ काळ त्रोटक शॉटांच्या मालिकेने ओलांडण्याच्या युक्तीला मोंताज म्हणतात. १९३०च्या दशकात स्लाव्हको व्होर्कापिच यांच्यासारख्या तज्ज्ञांनी ही युक्ती रूढ केली. प्रस्तुत विवेचनातील सरावमालिका या दुसऱ्या अर्थाच्या मोंताजमध्ये मोडते.

या प्रकाराचे मानक उदाहरण म्हणजे जॉन जी. ॲव्हिल्डसन दिग्दर्शित ‘रॉकी’ (१९७६) हा चित्रपट होय. फिलाडेल्फियातील एका सामान्य मुष्टियोद्ध्याला जगज्जेत्या अपोलो क्रीडशी लढण्याची संधी अकस्मात मिळते. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर २५ नोव्हेंबर १९७५ ही तारीख येते, आणि सामना १ जानेवारी १९७६ रोजी आहे. म्हणजे कथेचा एकूण अवधी सुमारे पाच आठवड्यांचा. या अवधीतील सराव प्रामुख्याने दोन ठिकाणी दाखविला आहे, आणि या दोन स्थळांचा परस्परसंबंध हेच त्या रचनेचे मर्म आहे.

पहिले स्थळ सरावाच्या पहिल्या सकाळचे. पहाटे चार वाजता गजर होतो. रॉकी उठतो, पाच कच्ची अंडी पेल्यात फोडून पितो आणि अंधारात, थंडीत धावू लागतो. या भागात घाई नाही. शॉट लांब आहेत, संगीत संथ आणि विरळ आहे. शेवटी तो फिलाडेल्फिया कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या चढून जातो. पण वर पोहोचेतो त्याचा दम संपतो, आणि कूस धरून तो कष्टाने माघारी वळतो. याला मोंताज म्हणता येणार नाही. ही एका विशिष्ट दिवसाची एक घटना आहे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे ‘तो धावला’ एवढेच विधान केलेले आहे.

दुसरे स्थळ म्हणजे बिल कॉन्टी यांच्या सुविख्यात संगीतावर रचलेली, जेमतेम तीन मिनिटांची सरावमालिका. तीत रॉकी रेल्वेमार्गालगत धावतो, बाजारपेठेतून धावत असता एक विक्रेता त्याच्याकडे संत्रे फेकतो, तो व्यायामशाळेत लहान चेंडूवर ठोसे मारतो, एका हातावर दंड काढतो, खाटीकखान्यातील लटकत्या मांसखंडांवर प्रहार करतो, धक्क्यावरील जहाजाजवळून वेगाने पळतो आणि शेवटी त्याच पायऱ्या सहज चढून, दोन्ही बाहू उंचावून माथ्यावर उभा राहतो.

या मालिकेतील ‘रोज’चा अर्थ कोठून येतो? प्रथमतः स्थळ आणि कृती यांच्या वैविध्यातून. धावणे, दंड, प्रहार आणि पुन्हा धावणे ही एका अखंड सकाळची हकीकत म्हणून वाचता येत नाहीत. कारण एका कृतीतून दुसरीत जाण्याचा मार्ग कोठेच दाखविलेला नाही. दोन शॉटांमध्ये कारणकार्याचा दुवा नसला की प्रेक्षक त्यांना एका घटनेचे अवयव न मानता एका प्रकारच्या अनेक घटनांचे नमुने मानतो. प्रत्येक शॉट आपल्यासारख्या अनेक प्रसंगांचा प्रतिनिधी होतो. याउलट संगीत अखंड वाहते. चित्रात जो खंड पडलेला असतो तो संगीत सांधते, आणि हे सर्व मिळून एकच दीर्घ व्यापार आहे असा प्रत्यय देते. गीताचे शब्द मोजकेच असून क्रियापदांची रूपे बहुतांशी चालू वर्तमानकाळाच्या धर्तीची आहेत, आणि अनेक ओळी ‘आता’ या अर्थाच्या शब्दावर संपतात. चित्राला जे रूप नाही ते शब्दांनी हळूच पुरविले आहे.

फ्रेंच चिन्हमीमांसक क्रिस्तियाँ मेत्झ यांनी १९६०च्या दशकात चित्रपटातील दृश्यमालिकांचे जे वर्गीकरण मांडले, त्यातील दोन वर्ग येथे उपयोगी पडतात. पहिल्या वर्गात एका प्रकारच्या वस्तुस्थितीचे नमुने कालक्रमाविना एकत्र ठेवलेले असतात. दुसऱ्यात निवडक टप्पे कालक्रमाने मांडलेले असतात आणि प्रत्येक टप्पा विकासाची एक पायरी दर्शवितो. ‘सिटिझन केन’ (१९४१) मधील न्याहारीच्या टेबलावर विटत जाणाऱ्या संसाराची मालिका हे दुसऱ्या वर्गाचे मेत्झ यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्धच आहे. सरावमालिका यांपैकी कोणत्या वर्गात पडते?

भाषाविज्ञानातील विनिमयाची कसोटी लावली असता उत्तर मिळते. ज्याप्रमाणे शब्दातील एक ध्वनी बदलून अर्थ पालटतो की नाही हे पाहिले जाते, त्याप्रमाणे मालिकेतील शॉटांची अदलाबदल करून पाहावी. बाजारपेठेतील धाव आणि मांसखंडांवरील प्रहार यांची जागा बदलली तर लयीवर परिणाम होईल, परंतु कथेच्या अर्थात फरक पडणार नाही. दंड आणि चेंडूवरील ठोसे यांचेही तसेच. मात्र पायऱ्यांचा शॉट मालिकेच्या मध्यभागी आणला तर सारी रचना कोसळते. त्यानंतरचा प्रत्येक शॉट अनावश्यक भासू लागतो. म्हणजे मालिकेचा गाभा पहिल्या, कालक्रमरहित वर्गाचा आहे. केवळ तिचा शेवट कालक्रमात पक्का रोवलेला आहे. गाभा ‘करीत असे’ सांगतो, शेवट ‘होत गेला’ याची ग्वाही देतो.

ही ग्वाही शेवटच्या शॉटला एकट्याने देता आली नसती. माणूस पायऱ्या चढून बाहू उंचावतो, यात वृद्धी कोठे आहे? ती पहिल्या सकाळच्या स्मरणात आहे. दोन्ही वेळा माणूस तोच, पायऱ्या त्याच, कृती तीच. बदलला आहे तो केवळ श्वास. ध्वनिविचारात ‘काल’ आणि ‘खाल’ या शब्दांत एकाच घटकाचा भेद असल्यामुळे तो भेद अर्थवाहक ठरतो. अशा जोडीला लघुतम युग्म म्हणतात. रॉकीच्या दोन आरोहणांचे नाते याच जातीचे आहे. इतर सर्व घटक स्थिर ठेवल्यामुळेच उरलेला एक भेद ‘वृद्धी’ असा वाचला जातो. मधल्या शॉटांत ताकद वाढल्याचा पुरावा फारच थोडा आहे. आधी किती दंड निघत होते हे प्रेक्षकाला ठाऊकच नसते. तरीही ते सर्व शॉट वृद्धीचे टप्पे म्हणून आठवतात, कारण शेवटचे युग्म मागे वळून त्यांना तो अर्थ बहाल करते.

यावरून सदोष सरावमालिका ओळखण्याची खूण सापडते. पूर्वी न जमलेली आणि नंतर जमलेली अशी एकच कृती तीत नसेल, तर संगीत कितीही चढते असो, प्रेक्षकाला परिश्रम दिसतात, प्रगती दिसत नाही. घाम हे पुनरावृत्तीचे चिन्ह आहे, वृद्धीचे नव्हे.

याच दिग्दर्शकाच्या ‘द कराटे किड’ (१९८४) या चित्रपटात युग्माची मांडणी वेगळी आहे. मियागी हा गुरू डॅनियलकडून मोटारींना मेण लावून घेतो, लाकडी जमीन घासून घेतो, कुंपण आणि घर रंगवून घेतो. या श्रमांत डॅनियलला, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही, कोणतीच प्रगती जाणवत नाही. शेवटी तो चिडतो, तेव्हा गुरू त्याच्यावर प्रहार करतो आणि मेण लावण्याच्या त्याच हालचालींनी तो प्रहार अडविला जातो. येथे कृती तीच राहते आणि तिचा अर्थ बदलतो. वृद्धी मालिकेत दिसत नाही. ती एका सलग प्रसंगात एकदम उघड होते.

हाँगकाँगच्या लाऊ कार-लेउंग यांचा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) तिसरा मार्ग दाखवितो. त्यात सराव हाच चित्रपटाचा प्रदीर्घ मध्यभाग आहे. मठातील ३५ दालनांपैकी काही दालने सविस्तर येतात : भोजनगृहाकडे जाताना पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे जाणे, दंडांना पाती बांधून पसरलेल्या हातांनी पाण्याच्या बादल्या वाहणे, इत्यादी. प्रत्येक दालनात प्रथम अपयश आणि अंती यश असे स्वतंत्र युग्म आहे. त्यामुळे संक्षेपाची गरज कमी भासते, आणि काही दालने अशी सविस्तर पाहून झाल्यावर उरलेली दालने थोडक्यात उरकली तरी प्रेक्षक त्यांवर विश्वास ठेवतो. तपशिलाने मिळविलेला विश्वास येथे पुढील संक्षेपाला तारण म्हणून उपयोगी पडतो.

या साधनाच्या दोन मर्यादा नोंदविणे अवश्य आहे. पहिली मापनाची. ‘रॉकी’तील मालिका किती दिवसांची, हे मालिकेतून सांगता येत नाही, सहा दिवस म्हटले तरी चालते, तीस म्हटले तरी चालते. पाच आठवड्यांची सीमा तारखांनी घातलेली आहे, शॉटांनी नव्हे. ‘करीत असे’ हे रूपही किती वेळा याविषयी मौनच पाळते. जेरार्द जनेत यांनी १९७२ साली कादंबरीतील निवेदनाची चर्चा करताना अनेकदा घडलेले एकदाच सांगण्याची जी रीत वर्णिली, तिचीच ही दृश्य बाजू होय.

दुसरी मर्यादा अर्थाची. सरावमालिका वृद्धी सिद्ध करते, पर्याप्तता नव्हे. पायऱ्यांवरील विजयोन्मादानंतर, सामन्याच्या आदल्या रात्री, रॉकी रिकाम्या सभागृहात जाऊन येतो आणि क्रीडला आपण हरवू शकणार नाही, असे ॲड्रियनला सांगतो. पंधराही फेऱ्या उभे राहणे एवढेच तो आपले साध्य ठरवितो. प्रत्यक्षात तो तेवढे साधतो आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने हरतो. मालिकेने जे आश्वासन दिले असे प्रेक्षकाला वाटते, ते तिने दिलेलेच नव्हते. तिने तुलना केली ती रॉकीची रॉकीशी, प्रतिस्पर्ध्याशी नव्हे. पुढे रूढ झालेल्या अनेक सरावमालिकांत वृद्धी आणि विजय यांचे समीकरण गृहीत धरलेले आढळते. ते समीकरण या रचनेच्या व्याकरणात नाही, तिच्या अनुकरणात आहे.