वीस बेअरिंगांचा हिशेब

‘एंड-टू-एंड प्रोक्युअर-टू-पे सोल्युशन, ऑटोमेटेड थ्री-वे मॅचिंगसह.’ खरेदीच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात हे वाक्य मीच लिहिलं होतं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "साहेब, माल कमी आला तर हे मला सांगणार का?"

उत्तर त्याच वाक्यात होतं, पण त्यांना सापडेल असं नव्हतं.

समजा, १२० रुपयांची ५०० बेअरिंगं मागवली. गेटवर आली ४८०, स्टोअरने तेवढ्याचाच जीआरएन केला. बिल मात्र ५०० नगांचं, म्हणजे ६०,००० रुपयांचं आलं. थ्री-वे मॅचिंग म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल ही तीन कागदपत्रं एकमेकांशी ताडून पाहणं. जीआरएनमध्ये २० नग कमी दिसतात, म्हणून बिल अडतं आणि २,४०० रुपये वाचतात.

शब्द सोपे करायला निघालेला लेखक इथेच घसरतो. तो लिहितो, ‘बिलांची आपोआप तपासणी’. वाचायला छान, पण काही सॉफ्टवेअर फक्त पीओ आणि बिल ताडतात. त्या दोन्हींवर ५००च नग आहेत, त्यामुळे बिल बिनबोभाट पास होतं. सोप्या शब्दांनी नेमका कामाचा फरक पुसला गेला. म्हणून पीओ, जीआरएन, डेबिट नोट हे शब्द मी काढत नाही. ते खरेदी खात्यात रोज बोलले जातात. काढायचे ते विकणाऱ्याच्या घरातले शब्द: सोल्युशन, सीमलेस, एंड-टू-एंड.

मी वाक्य बदललं: ‘पीओ, जीआरएन आणि बिल यांतला आकडा जुळला नाही, तर बिल थांबतं आणि किती नगांचा फरक आहे ते तुम्हाला दिसतं.’

तरी एक गोष्ट राहिली होती. अशा सॉफ्टवेअरमध्ये ‘टॉलरन्स’ असतो, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा याची मर्यादा. ५०० मागे २० म्हणजे ४ टक्के. मर्यादा ५ टक्क्यांवर ठेवलेली असेल, तर तेच बिल न थांबता पुढे जातं. हे न सांगता ‘बिल थांबतं’ म्हणणं ही फसवणूक झाली. तेव्हा दुसरं वाक्य जोडलं: ‘किती टक्के फरक चालेल, ते तुम्ही ठरवायचं.’

‘टॅली इंटिग्रेशन’चंही तसंच. नोंदी आपोआप टॅलीत जातात, की रोज संध्याकाळी कुणी एक्सेल फाइल चढवायची? दोन्हींना इंटिग्रेशनच म्हणतात, आणि दुसऱ्या प्रकारात एका माणसाचा वेळ रोज जातो. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहायलाच हवं.

तुम्ही खरेदी खात्यात असाल, तर डेमोला जाताना माल कमी आलेलं तुमचं एखादं जुनं बिल सोबत न्या. पीओ आणि जीआरएनसह ते समोर भरायला सांगा, आणि थांबतं का ते स्वतः बघा.