सही चार केबीची

बँक भरतीच्या अर्जाची मुदत जवळ आली की आमच्या गावच्या अभ्यासिकेत माझ्या टेबलाशी मुलांची गर्दी होते. फी भरलेली असते, गुण भरलेले असतात आणि घोडं अडलेलं असतं ते फोटो-सहीपाशी. गेल्या खेपेला एक मुलगी रडवेली होऊन आली. म्हणाली, "सर, पाच वेळा सही कमी करून बघितली, तरी घेतच नाही."

तिच्या मोबाइलमधली सहीची फाइल मी पाहिली. ती ३.८ केबीची होती. मर्यादा होती १० ते २० केबी. 'फाइल साइज चुकीची' एवढंच वाचून फाइल मोठी आहे असं तिने धरलं होतं आणि लहान असलेली फाइल ती आणखी लहान करत बसली होती. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मी मुलं तरी इथेच अडकतात. वरची मर्यादा सगळ्यांना दिसते, खालच्या मर्यादेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आयबीपीएसच्या परीक्षांच्या सूचनांमध्ये फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मापं आलेली आहेत. पिक्सेल आणि केबी ही दोन वेगळी मापं आहेत, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. पिक्सेल म्हणजे चित्रातले ठिपके: आडवे किती, उभे किती. केबी म्हणजे ते चित्र साठवायला लागलेली जागा. एकाच मापाचं चित्र ४ केबीतही बसतं आणि १५ केबीतही.

सहीचा हिशोब मांडून बघू. १४० गुणिले ६० म्हणजे ८,४०० ठिपके. रंगीत चित्रात एका ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे काहीही न दाबता ठेवलेली सही २५,२०० बाइटची, साधारण २५ केबीची होते. जेपीजी हा प्रकार चित्र दाबून साठवतो. जिथे शेजारचे ठिपके सारखेच आहेत, तिथे तो फार थोडक्यात भागवतो. सहीच्या चित्रात पांढरा कागदच जास्त असतो, म्हणून ते चटकन ३-४ केबीवर येतं. आपल्याला हवेत किमान १० केबी. म्हणजे ही सही अगदी थोडीच दाबली जायला हवी, आणि मोबाइलवरची 'साइज कमी करा' म्हणणारी ॲप नेमकं उलट करतात.

त्यात मुलं आणखी एक गोष्ट करतात. सहीचा फोटो स्कॅनरच्या ॲपमधून काढतात आणि काळं-पांढरं फिल्टर लावतात. सही ठसठशीत दिसते हे खरं, पण कागदाचा बारीक पोत पुसला जातो, सगळं एकसारखं पांढरं होतं आणि फाइल आणखी आक्रसते. कागदाचा तो पोत, सावलीची हलकी छटा यांनाही जागा लागते. इथे ती आपल्या उपयोगाची असते.

म्हणून मी तिला नव्याने सही करायला लावली. कोरा पांढरा कागद, काळ्या शाईचं पेन, खिडकीचा उजेड आणि कोणतंही फिल्टर न लावता काढलेला साधा रंगीत फोटो. तो संगणकावर घेऊन सहीच्या चारी बाजूंचा रिकामा कागद कापला. कापताना रुंदी-उंचीचं प्रमाण ७ ला ३ ठेवलं, कारण १४० बाय ६० चं प्रमाण तेच आहे. मग १४० बाय ६० ऐवजी २८० बाय १२० माप दिलं. सूचनेत ते पिक्सेल 'शक्यतो' असावेत असं म्हटलेलं होतं, केबीची अट मात्र पक्की होती. लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात, ३३,६००. त्यामुळे फाइलला वाढायला वाव मिळतो. जिथे पिक्सेलही पक्के असतील तिथे मापाला हात लावता येत नाही. तिथे दर्जाच शंभराच्या जवळ न्यावा लागतो.

हे काम मी गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये करतो. File मध्ये Export As निवडायचं, नावाच्या शेवटी .jpg लिहायचं, की Quality ची पट्टी समोर येते. तिथे Show preview in image window वर खूण केली, की पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होईल हे जागीच दिसतं. पट्टी सरकवत गेलो आणि आकडा १२.६ वर थांबवला. अर्जाने सही पहिल्या फटक्यात घेतली. विंडोजमधल्या पेंटमध्ये पिक्सेल बदलता येतात, पण दर्जाची ही पट्टी नसते. म्हणून तिथे आकडा हवा तिथे आणणं नशिबावर राहतं.

फाइलचा आकडा बघतानाही फसगत होते. विंडोजमध्ये Properties उघडलं की Size आणि Size on disk असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा डिस्कवर अडवलेल्या जागेचा असतो आणि तो बहुधा ४ केबीच्या पटीत वाढलेला असतो. ९.४ केबीची फाइल तिथे १२ केबीची दिसते आणि मूल म्हणतं, दहाच्या वर तर आहे! बघायचा तो Size.

कधी मापं सगळी बरोबर असतात, तरी फाइल नाकारली जाते. तेव्हा मी फाइलचा प्रकार तपासतो. स्क्रीनशॉट बहुतेक वेळा पीएनजी असतो आणि आयफोनचा कॅमेरा एचईआयसी प्रकारात फोटो ठेवतो. मुलं नाव बदलून शेवटी .jpg लावतात. त्याने फक्त नाव बदलतं. फाइलच्या अगदी सुरुवातीच्या बाइटांत तिचा खरा प्रकार लिहिलेला असतो आणि पोर्टल ते तपासत असेल तर वरचं नाव कामाला येत नाही. फाइल उघडून Save as मधून जेपीजी म्हणून नव्याने साठवली, तरच ती जेपीजी होते.

फोटोच्या बाबतीत केबी सहसा जमतात, चेहरा बिघडतो. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा असतो. २०० बाय २३० ची चौकट त्यापेक्षा पसरट आहे. न कापता ती मापं जबरदस्तीने दिली तर चेहरा सुमारे १२ टक्के रुंद होतो. पोर्टल असा फोटो स्वीकारूही शकतं, पण परीक्षा केंद्रावर तोच फोटो तुमच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला जातो. म्हणून आधी वरून-खालून थोडं कापून प्रमाण जमवायचं आणि मगच माप द्यायचं.

केबी कमी-जास्त करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर फोटो आणि सही टाकू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. तुमचा चेहरा आणि तुमची सही एकत्र कुणाच्या हाती देताय, याचा पत्ता लागत नाही.

त्या मुलीचं अजून एक काम उरलं होतं, हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. ८०० बाय ४०० पिक्सेल, ५० ते १०० केबी. सहीच्या अनुभवावरून तिने दर्जाची पट्टी थेट वर नेली आणि फाइल १०० च्या पुढे गेली. इथे ठिपके ३,२०,००० आहेत, सहीच्या जवळजवळ अडतीसपट, आणि कागदही शाईने भरलेला. तिने न विचारता पट्टी खाली आणली, ८० च्या आसपास आकडा थांबवला आणि अर्ज पुढे सरकला.