‘साडेतीन फुटांवर लावा’ म्हणजे नेमकं कुठं?

टीव्ही भिंतीवर बसवायला येणाऱ्या माणसाला बहुतेक घरांतून फोनवर एवढाच निरोप जातो: साडेतीन फुटांवर लावा. हे माप पडद्याच्या मध्याचं, खालच्या कडेचं की ब्रॅकेटचं, ते कुणी सांगत नाही. घरच्यांच्या मनात मध्य असला आणि कारागिरानं खालची कड धरली, तर ५५ इंची टीव्हीचा मध्य जमिनीपासून जवळपास पावणेपाच फुटांवर जातो. मग सोफ्यावर बसून रोज मान वर करून बघावं लागतं. ब्रॅकेट सरकवायचं, तर भिंतीला नवी भोकं पाडावी लागतात.

डोंबिवलीतल्या एखाद्या नेहमीच्या दिवाणखान्याचं उदाहरण घेऊ. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १०५ सेमीवर येतात, म्हणून पडद्याचा मध्य साधारण तिथंच हवा. स्टँड काढल्यावर टीव्हीची उंची ७१ सेमी आणि रुंदी १२३ सेमी भरते. उंचीचा अर्धा भाग १०५ मधून वजा केला की खालची कड ६९.५ सेमीवर येते. ती ७० धरावी. खालचं युनिट ४५ सेमी उंच आहे, त्यामुळे मधे २५ सेमी मोकळी जागा राहते.

चिठ्ठीत खालच्या कडेचंच माप द्यावं. टीव्हीच्या पाठीवरची ब्रॅकेटची चार भोकं पुष्कळ मॉडेल्समध्ये बरोबर मध्यावर नसतात, थोडी खाली असतात. त्यामुळे ब्रॅकेटचा मध्य म्हणजे पडद्याचा मध्य असं धरलं की टीव्ही काही सेंटिमीटर वर चढतो. खालची कड ठरलेली असली की भोकांचा हिशेब कारागीर टीव्ही आडवा ठेवून स्वतः करतो. शंका असेल तर १२३ बाय ७१ सेमीची चौकट भिंतीवर मास्किंग टेपनं आखून एक संध्याकाळ समोर बसून पाहावं. टेप हलवायला काही खर्च येत नाही.

पॉवर पॉइंटचं गणित वेगळं. तो टीव्हीच्या आड लपायला हवा, पण ब्रॅकेटच्या मागे नको. भिंतीला चिकटून बसणाऱ्या साध्या ब्रॅकेटमध्ये टीव्ही आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर अंतर उरतं, आणि सॉकेटमध्ये खोचलेला प्लग त्याहून जास्त बाहेर येतो. तो टीव्हीच्या जाड भागामागे आला, तर एक बाजू पुढे झुकते किंवा टीव्ही ब्रॅकेटवर नीट अडकतच नाही. पातळ भाग बहुधा वरच्या बाजूला असतो, म्हणून सॉकेट तिथं, कडेला घ्यावं.

खरी धास्ती भिंतीतल्या वायरची असते. बोर्डाकडे जाणारा पाइप बहुधा सरळ वरून, खालून किंवा आडवा आलेला असतो. म्हणून सॉकेटच्या सरळ रेषेत ड्रिल चालवू नये, आणि वायर कुठून आली ते चिठ्ठीत स्पष्ट लिहावं. प्लॅस्टर होण्याआधी काढलेला भिंतीचा फोटो असेल तर तोही पाठवावा.

केबलचा पाइप निवडताना पुष्कळ जण केबलच्या जाडीकडे बघतात. अडते ती पिन. एचडीएमआयची पिन सुमारे दोन सेंटिमीटर रुंद आणि ताठ असते, त्यामुळे अरुंद पाइपच्या काटकोनी एल्बोत ती अडकून बसते. दोन इंची पाइप सरळ उभा टाकला, तर ती सहज उतरते आणि पुढे केबल बदलायची झाली तरी भिंत फोडावी लागत नाही. विजेची वायर मात्र या पाइपात घालू नये. भाड्याच्या घरात भिंत न फोडता बाहेरून केसिंग पट्टी लावली तरी चालतं.

या घराची चिठ्ठी अशी होईल:

“नमस्कार. शनिवारी सकाळी ११ वाजता या. सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिल चालत नाही. टीव्ही ५५ इंची, भिंत विटांची. सगळी मापं तयार फरशीपासून आणि समोरून पाहता डाव्या कोपऱ्यापासून घेतली आहेत. टीव्हीची खालची कड ७० सेमीवर, टीव्हीचा मध्य कोपऱ्यापासून १६० सेमीवर. दोन्ही खुणा टेपनं केल्या आहेत. सॉकेट कोपऱ्यापासून २०० सेमीवर, १२० सेमी उंच. त्याची वायर छताकडून सरळ खाली आली आहे, त्या रेषेत ड्रिल करू नका. केबलचा दोन इंची पाइप कोपऱ्यापासून ११५ सेमीवर, ९० सेमी उंचीवरून युनिटमागे ३५ सेमीपर्यंत सरळ उतरतो. एचडीएमआय केबल दोन मीटरची आणली आहे. भिंतीचा फोटो सोबत आहे.”

यात भिंत कशाची ते लिहिणं फार गरजेचं आहे. काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागतं, हलक्या एएसी ब्लॉकला त्याच्यासाठीचे वेगळे फास्टनर लागतात, आणि जिप्समच्या पार्टिशनमागे प्लायवूडचा आधार नसेल तर टीव्ही तिथं लावूच नये. कंपनीकडून येणारा माणूस बहुधा फक्त ब्रॅकेट बसवून टीव्ही टांगतो. झिरी पाडणं, पाइप टाकणं, सॉकेट सरकवणं ही इलेक्ट्रिशियनची कामं आहेत आणि ती त्याच्या येण्याआधी उरकायला हवीत.